एल-१: कंपनीतल्या बदलीवर अमेरिकेला जाताना

अमेरिकेत शाखा असलेल्या कंपनीला भारतातला आपला माणूस तिकडे बदलीवर न्यायचा असेल, तर त्यासाठी एल-१ हा वेगळा व्हिसा आहे. अमेरिकेच्या संसदेने १९७० साली स्थलांतर कायद्यात दुरुस्ती करून तो आणला. व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी एल-१ए, तर कंपनीचे खास ज्ञान असलेल्या तज्ज्ञांसाठी एल-१बी, असे त्याचे दोन प्रकार आहेत. एल-१एवर जास्तीत जास्त सात वर्षे राहता येते, एल-१बीवर पाच.

आयटी क्षेत्रामुळे घरोघरी माहीत झालेल्या एच-१बी व्हिसापेक्षा हा व्हिसा मुळातच वेगळा आहे. एच-१बीला दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असते, त्यामुळे नशिबाचाही भाग येतो. एल-१ला संख्येची मर्यादा नाही आणि सोडतही नाही. कायद्याने ठरवून दिलेले किमान प्रचलित वेतन दाखवण्याची अटही नाही. या मोकळिकीच्या बदल्यात कायदा तीन गोष्टी पुराव्यानिशी मागतो: दोन्ही देशांतल्या कंपन्यांमध्ये मालकीचे नाते, अमेरिकेबाहेर त्याच कंपनीत किमान एक वर्ष नोकरी, आणि ठरावीक स्वरूपाचे काम.

मालकीचे नाते आणि एक वर्षाची नोकरी

अमेरिकेतली कंपनी ही भारतातल्या कंपनीची शाखा, उपकंपनी किंवा मूळ कंपनी असावी लागते. किंवा दोघींचा मालक एकच असावा लागतो. समान हिस्सा आणि समान नियंत्रण असलेला संयुक्त प्रकल्पही चालतो. मात्र अमेरिकेतला वितरक, एजंट किंवा मोठा ग्राहक कितीही जवळचा असला तरी त्याच्याकडे बदली दाखवता येत नाही. हे नाते व्हिसा मिळण्यापुरते असून भागत नाही. माणूस अमेरिकेत असेपर्यंत कंपनीचा व्यवसाय अमेरिकेत आणि बाहेरच्या किमान एका देशात चालू असावा लागतो.

एक वर्षाची अट कशी मोजतात, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या ब्रेकचे भाग बनतात आणि कंपनीची शंभर टक्के मालकीची उपकंपनी मिशिगन राज्यात आहे. चाकणला जुलै २०१९ पासून काम करणाऱ्या एका इंजिनिअरला तिथे पाठवायचे आहे आणि अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये होणार आहे. मग ऑक्टोबर २०२० ते ऑक्टोबर २०२३ या तीन वर्षांत तिची सलग एक वर्षाची पूर्णवेळ नोकरी दिसली पाहिजे. मधल्या काळात ती बिझनेस व्हिसावर चार महिने मिशिगनला जाऊन आलेली असेल, तर नोकरीची सलगता तुटत नाही, पण ते चार महिने एका वर्षात धरले जात नाहीत. तिची चाकणची नोकरी पुष्कळ असल्यामुळे अडचण येत नाही. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र अशा दौऱ्यांमुळे हिशेब कमी भरतो.

खास ज्ञान म्हणजे काय

बहुतेक अर्ज अडतात ते तिसऱ्या अटीवर. एल-१बीसाठी माणसाकडे कंपनीचे उत्पादन, यंत्रणा किंवा तंत्र यांचे खास ज्ञान असावे लागते, नाहीतर कंपनीच्या कार्यपद्धतींवर वरच्या दर्जाची पकड असावी लागते. बाजारात सहज मिळणारे कौशल्य इथे उपयोगी पडत नाही. एखादी प्रचलित संगणकीय भाषा उत्तम येणे किंवा दहा वर्षांचा अनुभव असणे एवढ्याने ही अट पूर्ण होत नाही. दुसऱ्या बाजूने, ते ज्ञान जगात त्या एकाच माणसाकडे असले पाहिजे असेही नाही. २०१५ मध्ये लागू झालेल्या अमेरिकी स्थलांतर विभागाच्या धोरणपत्राने हे स्पष्ट केले आहे.

चाकणच्या इंजिनिअरचे पत्र दोन प्रकारे लिहिता येईल. 'त्यांना ब्रेक चाचणीचा चार वर्षांचा अनुभव असून त्या प्रकल्पासाठी अत्यंत आवश्यक आहेत,' असे लिहिले तर अधिकाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही. उलट पत्रात असे मांडता येते की, उष्णतेने ब्रेकचा भाग किती झिजतो हे तपासणारा चाचणी-संच कंपनीने स्वतः घडवला. त्याची मापे बसवण्याची पद्धत या इंजिनिअरने दोन सहकाऱ्यांसोबत तयार केली. तिची अंतर्गत पुस्तिका तिने लिहिली. नव्या इंजिनिअरला ती पद्धत शिकायला दीड वर्ष लागते. आणि मिशिगनच्या कारखान्यात हा संच पहिल्यांदाच बसणार आहे. सोबत प्रशिक्षणाच्या नोंदी, पुस्तिकेची पाने आणि दोन्हीकडचे विभागीय तक्ते जोडले की ज्ञान खास कशामुळे आहे आणि ते मिळवायला किती वेळ लागतो, हे कागदावर दिसते.

काम कुठे होणार, हेही इथे महत्त्वाचे ठरते. माणूस एल-१बीवर आणायचा आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपनीच्या कार्यालयात बसवायचा, या प्रथेला २००४ च्या सुधारणा कायद्याने लगाम घातला. ग्राहकाच्या जागेवर मुख्यतः ग्राहकाच्याच देखरेखीखाली काम होत असेल किंवा केवळ मनुष्यबळ पुरवले जात असेल, तर एल-१बी मिळत नाही.

एल-१एमध्ये पदनामाला फारसे वजन नाही. 'मॅनेजर' असे कार्ड असलेला माणूस दिवसाचा बहुतेक वेळ स्वतःच कोड लिहीत असेल किंवा यंत्र चालवत असेल, तर तो कायद्याच्या दृष्टीने व्यवस्थापक नसतो. तो इतर व्यवस्थापकांवर किंवा उच्चशिक्षित व्यावसायिकांवर देखरेख करत असावा लागतो, नाहीतर कंपनीचे एखादे अत्यावश्यक कार्य वरिष्ठ पातळीवरून सांभाळत असावा लागतो. म्हणून अर्जात आठवड्याचा किती वेळ कोणत्या कामात जातो आणि रोजची कामे कोण करते, हे उलगडून सांगतात.

अर्जाची वाट

अर्ज नेहमी कंपनी करते. साधारण मार्ग म्हणजे आय-१२९ हा अर्ज अमेरिकेतल्या स्थलांतर विभागाकडे पाठवायचा आणि तो मंजूर झाल्यावर कर्मचाऱ्याने दूतावासात मुलाखत द्यायची. मोठ्या कंपन्यांसाठी 'ब्लँकेट' मार्ग आहे. त्यात कंपन्यांमधले नाते एकदाच तपासून मंजूर झालेले असते. कर्मचारी आय-१२९एस हा अर्ज घेऊन थेट दूतावासात जातो आणि त्याच्या कामाची तपासणी तिथल्या मुलाखतीत होते. कंपनीच्या वकिलाने लिहिलेले पंधरा पानी पत्र काही मिनिटांच्या मुलाखतीत अधिकारी पूर्ण वाचेलच असे नाही. त्यामुळे आपले काम सोप्या, नेमक्या शब्दांत सांगता येणे निर्णायक ठरते. ब्लँकेट मार्गाने नकार मिळाला, तरी कंपनीला त्याच माणसासाठी साधारण मार्गाने अर्ज करता येतो.

तीन तारखा

व्हिसा मिळाल्यानंतरच्या चुका मुख्यतः तारखांच्या असतात. समजा, त्या इंजिनिअरला डिसेंबर २०२३ मध्ये ब्लँकेट मार्गाने व्हिसा मिळाला. पासपोर्टवरच्या शिक्क्यावर डिसेंबर २०२८ ही तारीख आहे. आय-१२९एसवरची मंजुरी मात्र तीनच वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत. १५ जानेवारी २०२४ ला ती अमेरिकेत उतरली, तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आय-९४ या नोंदीतही डिसेंबर २०२६ ही मुदत घातली.

शिक्क्यावरची तारीख फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत येण्याची मुदत सांगते. आत किती दिवस राहायचे ते आय-९४ ठरवते. शिक्का पाहून २०२८ पर्यंत निर्धास्त राहणारा माणूस दोन वर्षे बेकायदा मुक्काम करून बसतो. असा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाला आणि मग देश सोडला, तर पुढची तीन वर्षे प्रवेश बंद होतो. एक वर्षाचा झाला तर दहा वर्षे. प्रत्येक प्रवेशानंतर नवे आय-९४ तयार होते, म्हणून सुट्टीवरून परतल्यावर ते दर वेळी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर तपासावे लागते. मुदतवाढीचा अर्ज आय-९४ संपण्याआधी जावा लागतो आणि वाढ एका वेळी दोन वर्षांपर्यंत मिळते.

एल-१बीची तिची पाच वर्षे जानेवारी २०२९ मध्ये भरतात. अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस त्यात मोजले जात नाहीत. पुण्याच्या फेऱ्यांत तिचे ८० दिवस गेले असतील, तर पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जोडून ते परत मागता येतात.

जानेवारी २०२८ मध्ये तिला बढती मिळून ती विभागाची व्यवस्थापक झाली, तर मर्यादा सात वर्षांवर जाऊ शकते, पण दोन अटींवर. बढतीच्या वेळीच कंपनीने सुधारित अर्ज करून हा बदल मंजूर करून घेतलेला असावा लागतो, आणि व्यवस्थापक म्हणून किमान सहा महिने काम झालेले असावे लागते. कंपनीने नुसते बढतीचे पत्र देऊन पगार वाढवला आणि अर्ज केलाच नाही, तर पाच वर्षांची मर्यादा कायम राहते.

कुटुंब, नोकरी आणि ग्रीन कार्ड

पती किंवा पत्नीला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना एल-२ व्हिसा मिळतो. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२वरच्या जोडीदाराला काम करण्यासाठी वेगळे परवानापत्र घ्यावे लागत नाही. आय-९४वर 'एल-२एस' अशी नोंद असली की पुरते. मुलांना काम करता येत नाही.

एल-१वरच्या माणसाला मात्र दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्या अवधीत दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करायचा किंवा परत यायचे.

ग्रीन कार्डसाठी उघडपणे अर्ज केल्याने एल-१ला बाधा येत नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी ईबी-१सी हा वेगळा वर्ग आहे आणि त्यात अमेरिकी उमेदवार मिळत नाही हे सिद्ध करण्याची पायरी नसते. पण या वर्गासाठी परदेशातले ते एक वर्षही व्यवस्थापकाच्याच कामातले असावे लागते. चाकणची इंजिनिअर तिथे तज्ज्ञ होती, त्यामुळे मिशिगनमध्ये व्यवस्थापक होऊनही तिला हा मार्ग मिळत नाही. तिला उरतात ते भारतीयांसाठी वर्षानुवर्षे रांग असलेले सामान्य वर्ग.

तेवढा वेळ एल-१वर थांबता येत नाही. एच-१बीवर ग्रीन कार्डची प्रक्रिया पुरेशी पुढे गेली असेल, तर सहा वर्षांपलीकडे मुदत वाढते. एल-१ला तशी वाढ नाही. शिवाय एल-१ आणि एच-१बीची वर्षे एकत्र मोजतात, म्हणून पाचही वर्षे एल-१बीवर काढल्यावर एच-१बीचे साधारण एकच वर्ष उरते. दीर्घकाळ राहण्याचा विचार असलेल्यांच्या कंपन्या एच-१बीच्या सोडतीत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच नाव घालतात आणि ग्रीन कार्डची प्रक्रियाही लवकर सुरू करतात, ती याच हिशेबाने. तसे झाले नाही तर मर्यादा संपल्यावर अमेरिका सोडावी लागते, आणि एल-१ किंवा एच-१बीवर नव्याने येण्याआधी एक पूर्ण वर्ष बाहेर काढावे लागते.