नऊ टक्क्यांचं कर्ज बारा टक्क्यांना कसं पडतं?

मद्रास इंडस्ट्रियल इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने डिसेंबर 1966 मध्ये दीड कोटी रुपयांचे डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, विकायला काढले. शंभराचा रोखा अठ्ठ्याण्णवला मिळत होता. परतफेड बारा वर्षांनी, तीही पूर्ण शंभराने करायची होती. दोन टक्के सवलतीचा हिशेब तीन लाख रुपये झाला. कंपनीचं वर्ष जूनअखेर संपत असे. पहिल्या वर्षात कर्जाचे सहाच महिने येत होते, म्हणून तिने वह्यांमध्ये त्या वर्षाचा खर्च फक्त 12,500 रुपये दाखवला. प्राप्तिकर खात्याने तोही नाकारला. वाद अपिलात गेल्यावर कंपनीने मागणी वाढवली आणि सगळे तीन लाख याच वर्षी वजा करून द्या, असं म्हटलं.

हा निकाल सर्वोच्च न्यायालयातून 1997 साली लागला. सवलत हा खर्च आहे आणि तो देण्याची जबाबदारी रोखे काढले त्याच वर्षी आली, एवढं न्यायालयाने मान्य केलं. मात्र त्या पैशाचा उपयोग कंपनी बारा वर्षं करणार होती. सगळा बोजा एकाच वर्षावर टाकला तर त्या वर्षाच्या नफ्याचं चित्र विकृत होईल, म्हणून खर्च बारा वर्षांवर पसरायला हवा, असं ठरलं. वर्षाचे पंचवीस हजार आणि सहा महिन्यांचे 12,500. कंपनीच्या कारकुनाने सुरुवातीला लिहिलेला आकडाच अखेर बरोबर ठरला.

त्या प्रकरणात फक्त सवलत होती. काही कंपन्या दोन्ही टोकांना गुंतवणूकदाराला खूश करतात. रोखा कमी किमतीला देतात आणि मुदत संपल्यावर दर्शनी किमतीपेक्षा जास्त रक्कम परत करतात. शेअरच्या बाबतीत कंपनीला असं करता येत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 53 अपवाद वगळता सवलतीत शेअर काढायला मनाई करतं, कारण भांडवल हा धनकोंचा आधार असतो. कर्जरोख्यांना ही मनाई नाही. ते मुळात कर्ज आहे, आणि कर्ज किती महाग घ्यायचं हे घेणाऱ्याने ठरवावं.

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिने शंभराचे दहा हजार रोखे काढले. व्याज नऊ टक्के, मुदत पाच वर्षं. रोखा 95 रुपयांना विकला आणि 110 रुपयांनी फेडायचा ठरला. बँकेत आले साडेनऊ लाख. कागदावरचं कर्ज दहा लाख. पाच वर्षांनी द्यायचे अकरा लाख. व्याज बाजूला ठेवलं तरी घेतलेल्या आणि फेडायच्या रकमेत दीड लाखाचं अंतर आहे. वह्यांमध्ये याला ‘कर्जरोखे निर्गमनावरील तोटा’ म्हणतात.

हा तोटा पहिल्याच दिवशी लिहितात. बँक खाते साडेनऊ लाखांनी नावे आणि तोट्याचं खाते दीड लाखाने नावे. जमेच्या बाजूला कर्जरोखे दहा लाख आणि परतफेडीवरील प्रीमियम एक लाख. दोन्ही बाजू अकरा लाखांच्या होतात. नवशिके हिशेबनीस इथे हमखास अडखळतात. त्यांना सवलतीचे पन्नास हजार तेवढे तोटा वाटतात. प्रीमियमचा लाख पाच वर्षांनी द्यायचा आहे, मग आज कशाला लिहायचा? उत्तर असं की करारावर सही झाली तेव्हाच तो लाख देणं लागला. ठाऊक असलेला तोटा पुढे ढकलणं हिशेबशास्त्राला मान्य नाही. दुसरी चूक याहून घातक असते. नावात ‘प्रीमियम’ दिसला म्हणून हा लाख शेअरवर मिळालेल्या प्रीमियमच्या राखीव निधीत टाकला जातो. तो निधी कंपनीचा स्वतःचा असतो, तर हा लाख देणं आहे.

तोटा लिहिला पहिल्या दिवशी, पण नफ्यातून वजा करायचा हळूहळू. सगळं कर्ज पाचव्या वर्षाअखेर एकदम फेडायचं असेल तर दरवर्षी तीस हजार. रोखे 1 ऑक्टोबरला काढले असतील तर मार्चअखेर फक्त पंधरा हजार. मग पाच वर्षांचं कर्ज सहा आर्थिक वर्षांना शिवतं आणि उरलेले पंधरा हजार सहाव्या वर्षात पडतात.

कर्ज दरवर्षी दोन लाख याप्रमाणे हप्त्यांनी फेडायचं असेल तर समान वाटणी अन्यायाची होते. पहिल्या वर्षी कंपनीने दहा लाख वापरले, दुसऱ्या वर्षी आठ आणि शेवटच्या वर्षी जेमतेम दोन. ज्या वर्षी जास्त पैसा वापरला त्या वर्षाने जास्त भार उचलावा. म्हणून वाटणी 5:4:3:2:1 अशी होते आणि खर्च पन्नास, चाळीस, तीस, वीस आणि दहा हजार असा उतरत जातो. ताळा सोपा आहे. शेवटचा रोखा फिटल्यावर तोट्याच्या खात्यात शून्य उरलं पाहिजे. काही शिल्लक दिसली तर मुदत किंवा प्रमाण कुठेतरी चुकलं आहे. रोखे मुदतीआधीच फेडले, तर त्यांच्या वाट्याचा उरलेला तोटा त्याच वर्षी संपवावा लागतो.

मोठ्या नोंदणीकृत कंपन्या आज भारतीय लेखामानक 109 पाळतात आणि तिथे ही समान वाटणीही चालत नाही. त्या आधी कर्जाचा खरा दर काढतात. आज साडेनऊ लाख मिळाले, दरवर्षी नव्वद हजार व्याज दिलं आणि पाचव्या वर्षी अकरा लाख फेडले, तर दर सुमारे 11.96 टक्के येतो. छापलेला नऊ टक्क्यांचा दर म्हणजे सुमारे तीन टक्क्यांनी कमी दाखवलेला दर. या पद्धतीत ताळेबंदात कर्ज साडेनऊ लाखांनी सुरू होतं आणि वाढत वाढत अकरा लाखांवर जातं. व्याजाखेरीजचा जादा खर्च पहिल्या वर्षी सुमारे 23,600 रुपये, शेवटच्या वर्षी सुमारे 37,000 रुपये. पाचही वर्षांची बेरीज दीड लाखच.

मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. जुन्या रीतीत न वजा झालेला तोटा ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसतो. तो विकून कुणाला एक रुपयाही मिळणार नाही. त्यातच कलम 52 कंपन्यांना हा तोटा थेट शेअर प्रीमियमच्या निधीतून भागवायची मुभा देतं, फक्त कायद्याने ठरवून दिलेल्या वर्गातल्या कंपन्या त्यातून वगळल्या आहेत. ही मुभा वापरली की महागड्या कर्जाचा बराचसा खर्च नफा-तोटा पत्रकाला स्पर्शही करत नाही. भागधारकाला नऊ टक्के व्याज दिसतं आणि नफा छान दिसतो.

पसरण्याचा हा नियम सगळीकडे लागू होतो असंही नाही. नाशिकच्या तपारिया टूल्सने 1990 च्या दशकात पाच वर्षांचे रोखे काढताना गुंतवणूकदाराला दोन पर्याय दिले: सहामाही 18 टक्के व्याज, किंवा दर रोख्यामागे एकरकमी 55 रुपये आगाऊ. आगाऊ दिलेली रक्कम कंपनीने स्वतःच्या वह्यांमध्ये पाच वर्षांवर पसरली, पण करासाठी सगळी एकाच वर्षी वजा मागितली. खात्याने मद्रासच्या निकालाचा आधार घेतला. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ते व्याज होतं, खरोखर दिलं गेलं होतं, आणि वह्यांमधली नोंद कर ठरवत नाही.