पोस्टमन नेमका कुठून आला?

कोकणातलं एक घर. ओसरीवर आजी पत्राची वाट बघत बसली आहे आणि खालून पाखाडी चढत पोस्टमन येतो आहे. तो पत्र देतो, दोघं चार शब्द बोलतात, संपलं. एआयच्या मदतीने अशी मिनिटभराची फिल्म घरबसल्या करू पाहणारे आता पुष्कळ आहेत. बहुतेक साधनं एका वेळी पाच ते दहा सेकंदांची क्लिप बनवून देतात, म्हणून गोष्ट तुकड्यातुकड्यांत करून मग जोडावी लागते.

सुटा पाहिला तर प्रत्येक तुकडा देखणा असतो. जोडले की घोळ सुरू होतो. पहिल्या तुकड्यात पोस्टमन पडद्याच्या डावीकडून उजवीकडे चालतो, दुसऱ्यात उजवीकडून डावीकडे. बघणाऱ्याला वाटतं, हा परत का फिरला? काही विसरला का? मग आजी दिसते. ती भलतीकडेच पाहते आहे. शेवटी दोघं बोलू लागतात तेव्हा दोघांचीही तोंडं उजवीकडे, जणू ते तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत. नेमकं काय बिघडलं हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण तो गोष्टीतून बाहेर पडलेला असतो.

हे टाळण्याची रीत सिनेमावाल्यांकडे जुनीच आहे. पोस्टमन आणि आजी यांच्यामधून जमिनीवर एक रेघ आहे असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. पुढे-मागे, वर-खाली कुठेही न्या, रेघ ओलांडू नका. मग पोस्टमन कायम पडद्याच्या डाव्या अंगाला उजवीकडे बघत राहतो आणि आजी उजव्या अंगाला डावीकडे बघत. कॅमेरा पलीकडे गेला की दोघांच्या बाजू उलटतात; सेटवर त्याला ‘लाइन क्रॉस झाली’ म्हणतात. फुटबॉलच्या प्रक्षेपणात मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात ते याचसाठी. समोरच्या बाजूचं दृश्य दाखवायचं तर पडद्यावर ‘रिव्हर्स अँगल’ अशी पाटी येते, नाहीतर कोणता संघ कुठल्या गोलकडे धावतो आहे ते कळणार नाही.

चित्रीकरणात ही शिस्त थोडीफार जागाच सांभाळते. घर जिथे आहे तिथेच असतं, पाखाडी त्याच बाजूला असते. एआयच्या तुकड्यांमागे जागाच नसते. प्रत्येक क्लिप आपलं घर आणि आपली पाखाडी नव्याने रचते. पण यात हताश होण्यासारखं काही नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने १९२० च्या सुमारास मॉस्कोत वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेले तुकडे जोडले, मध्ये वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसचं दृश्य घातलं, आणि ती सगळी एकच जागा असल्याचा आभास निर्माण झाला. चालण्याची दिशा आणि नजर जुळली की न जोडलेली जागा प्रेक्षक मनात जोडतो.

तेव्हा आधी कागदावर वरून दिसणारा नकाशा काढावा: डावीकडे पाखाडी, उजवीकडे ओसरी, मधे रेघ, कॅमेरे सगळे अंगणाच्या बाजूला. मग प्रत्येक शॉटपुढे लिहावं की पात्र कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं, कुठे बघतं. पोस्टमन पहिल्या शॉटमध्ये उजव्या कडेने बाहेर गेला, तर पुढच्यात तो डाव्या कडेने आत यायला हवा.

नजरेला उंचीही असते. आजी बसलेली, पोस्टमन उभा; म्हणून तिची नजर वर, त्याची खाली. तो पायरीवर टेकला की हे बदलणार, आणि तो बदल नकाशाशेजारी लिहून ठेवला नाही तर हमखास राहून जातो. शिवाय नजर कॅमेऱ्यापासून किती दूर हेही जुळायला हवं. आजीचा चेहरा जवळजवळ समोरून आणि पोस्टमनचा पूर्ण बाजूने दिसला, तर डावं-उजवं बरोबर असूनही दोघं एकमेकांकडे बघत असल्यासारखे वाटत नाहीत.

वर्णन लिहिताना ‘आजी डावीकडे बघते’ एवढं पुरत नाही. डावीकडे म्हणजे तिच्या की आपल्या? ‘फ्रेमच्या डाव्या कडेकडे बघते’ असं लिहावं. तरीही ही साधनं डावं-उजवं बऱ्याचदा चुकवतात, आणि पात्राला सरळ कॅमेऱ्यात बघायला लावण्याची त्यांना फार हौस. म्हणून शब्दांवर विसंबण्यापेक्षा आधी स्थिरचित्र बनवावं, त्यात दिशा आणि नजर तपासावी, आणि तेच चित्र पहिली फ्रेम म्हणून देऊन त्याची क्लिप करून घ्यावी. बोलण्याच्या प्रसंगात मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो ‘सजेशन’: आजीच्या चेहऱ्यासोबत पोस्टमनचा खांदा फ्रेमच्या डाव्या कडेला दिसतो. खांदा चित्रातच असल्याने नजरेला जायला दुसरी जागा उरत नाही.

पार्श्वभूमीकडे मात्र फार जणांचं लक्ष जात नाही. आजीच्या मागे घराची भिंत असेल, तर पोस्टमनच्या मागे पाखाडी आणि माड हवेत. दोघांच्या मागे तीच भिंत आली, तर समोरासमोर असलेली माणसं शेजारी शेजारी बसल्यासारखी दिसतात.

क्लिप उलट्या दिशेची आली तर एडिटिंगमध्ये ती आडवी उलटवण्याचा मोह होतो. रिकाम्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचं ते चालूनही जातं. पण आजीला उलटवलं की पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ उजव्या नाकपुडीत. पोस्टमनची पिशवी दुसऱ्या खांद्याला लटकते, दारावरच्या पाटीची अक्षरं आरशातली होतात, ऊन विरुद्ध बाजूने पडतं. आपल्या प्रेक्षकाला नथ चुकलेली लगेच दिसते.

तपासणी सोपी आहे. आवाज बंद करून नुसते जोड पाहावेत. एका क्लिपची शेवटची फ्रेम आणि पुढचीची पहिली फ्रेम शेजारी ठेवावी. दोन्ही नाकांची टोकं एकमेकांकडे वळलेली हवीत. अनेकदा क्लिपच्या सुरुवातीला नजर बरोबर असते आणि पुढे भरकटते. आठ सेकंदांतले पहिले तीनच घ्यावेत, बाकीचे बेलाशक कापावेत.

दिशा बदलणं गरजेचंच असेल तर मधे एक तटस्थ शॉट घालतात: पोस्टमन सरळ कॅमेऱ्याकडे चालत येतो, किंवा पाठमोरा जातो. अशा शॉटला डावं-उजवं नसतं, त्यानंतर कुठलीही बाजू चालते. नुसत्या हाताचा, पत्राचा क्लोजही धक्का कमी करतो. किंवा पोस्टमनला पडद्यावरच वळताना दाखवा. प्रेक्षकाने वळण पाहिलं की त्याची तक्रार नसते.

ही रेघ मोडणारे थोर दिग्दर्शक आहेतच. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू याची बोलणारी पात्रं जवळजवळ कॅमेऱ्यातच बघतात आणि रेघेची पर्वा तो करत नाही. पण त्याच्या चौकटी इतक्या मोजूनमापून बांधलेल्या असतात की कोण कुठे बसलं आहे याची शंका राहत नाही. आपल्या फिल्ममध्ये याच दोघांत आजीची नात येऊन बसली की रेघा तीन होतात: आजी-पोस्टमन, पोस्टमन-नात, नात-आजी. तेव्हा कोणत्या क्षणी कोणाचं बोलणं मुख्य ते ठरवून त्या दोघांची रेघ धरावी, आणि दुसऱ्या जोडीकडे जाण्याआधी तिघं एकत्र दिसतील असा एक लांबचा शॉट द्यावा. एका फ्रेममध्ये तीन माणसं नीट नजरेसकट मिळवायला सध्याच्या साधनांकडून बऱ्याच खेपा काढाव्या लागतात. नात दारातूनच हाक मारून परत गेली तर काम बरंच हलकं होतं.