तापमान, प्रॉम्प्ट आणि यंत्रलिखित मजकुराची ओळख

भाषा-मॉडेल एका वेळी एकच शब्द किंवा शब्दाचा तुकडा लिहिते. प्रत्येक पायरीवर ते पुढे येऊ शकणाऱ्या सगळ्या शब्दांना संभाव्यता देते आणि त्यांतून एक शब्द निवडते. ही निवड किती मोकळेपणाने करायची, हे ठरवणाऱ्या आकड्याला ‘तापमान’ म्हणतात. मजकूर यंत्राने लिहिला आहे का, हे तपासणारे अनेक डिटेक्टर नेमकी याच निवडीची खूण शोधतात. त्यामुळे तापमान बदलले की खूणही बदलते.

समजा, वाक्य असे आहे : ‘सकाळी उठल्यावर आजोबांना हवा असतो एक कप…’. समजण्यासाठी असे धरू की पुढच्या जागी चारच शब्द येऊ शकतात आणि मॉडेलच्या मते त्यांची संभाव्यता अशी आहे : चहा 60 टक्के, कॉफी 25, दूध 10 आणि काढा 5. तापमान 1 असेल, तर निवड याच प्रमाणात होते. तापमान 0.5 केले, तर प्रत्येक संभाव्यतेचा वर्ग करून बेरीज पुन्हा शंभरावर आणली जाते. तेव्हा चहा 83 टक्क्यांवर जातो, कॉफी 14 वर येते, दूध 2 वर आणि काढा जेमतेम 1 वर. तापमान 2 केले, तर वर्गाऐवजी वर्गमूळ घेतले जाते आणि प्रमाण 43, 28, 17 आणि 12 असे होते. तापमान शून्य असेल, तर दरवेळी चहाच येतो.

आता डिटेक्टरची बाजू. त्याच्याकडेही एक भाषा-मॉडेल असते. ते मजकूर पहिल्यापासून वाचत जाते आणि प्रत्येक शब्द आपल्याला किती अनपेक्षित होता, याचे मोजमाप ठेवते. या अनपेक्षितपणाची सरासरी ज्या मापाने सांगतात, त्याला पर्प्लेक्सिटी म्हणतात. वरच्या उदाहरणात ‘चहा’ आला, तर अनपेक्षितपणा सुमारे 0.7 बिट, आणि ‘काढा’ आला तर 4.3 बिट. अशी वाक्ये पुष्कळदा लिहून घेतली, तर सरासरी तापमान 0.5 ला 1 बिट, तापमान 1 ला दीड बिट आणि तापमान 2 ला सुमारे 2 बिट येते. कमी तापमानाचा मजकूर सहज सापडतो, तो यामुळे. त्यात जवळजवळ प्रत्येक शब्द अपेक्षित असतो. माणूस मात्र अधूनमधून अपेक्षेबाहेरचा शब्द वापरतो, कारण त्याला काही विशिष्ट सांगायचे असते.

हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी-आयबीएम वॉटसन एआय लॅब येथील संशोधकांनी 2019 मध्ये ‘जीएलटीआर’ हे साधन बनवले. मॉडेलच्या अंदाजातील पहिल्या दहांत बसणारा शब्द त्यात हिरवा होतो, पहिल्या शंभरांतला पिवळा, पहिल्या हजारांतला लाल आणि त्याही पलीकडचा जांभळा. यंत्राचा मजकूर बहुतांशी हिरवा दिसतो, तर माणसाच्या मजकुरात लाल-जांभळे ठिपके अधिक असतात. कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय वाचकांना बनावट मजकूर 54 टक्के वेळा ओळखता येत होता. हे रंग दाखवल्यावर तो 72 टक्के वेळा ओळखता येऊ लागला.

तापमान वाढवत नेले की हिरवा रंग कमी होतो आणि डिटेक्टर चुकू लागतो. पण यालाही मर्यादा आहे. खऱ्या मॉडेलपुढे चार नव्हे, तर हजारो शब्द असतात, आणि त्यांतले बहुतेक त्या जागी बसणारे नसतात. तापमान फार वाढले की या अयोग्य शब्दांनाही वाटा मिळतो. एक विसंगत शब्द आला की पुढचे शब्द त्याच्या आधाराने निवडले जातात आणि परिच्छेद भरकटतो. असा मजकूर डिटेक्टरमधून सुटला, तरी वाचणाऱ्याला लगेच खटकतो.

शिवाय तापमानाचे हे बटण बहुतेकांच्या हाती नसते. प्रोग्रॅमरना ते बदलता येते, पण चॅटच्या नेहमीच्या खिडकीत ते सहसा दिसत नाही. तिथे सामान्य वापरकर्त्याच्या हाती उरतो तो प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला दिलेली सूचना.

प्रॉम्प्टचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. मॉडेल प्रॉम्प्ट वाचून लिहिते, पण डिटेक्टरसमोर फक्त उत्तर येते. ‘बायनॉक्युलर्स’ ही पद्धत 2024 मध्ये मांडणाऱ्या संशोधकांनी याचे एक चांगले उदाहरण दिले आहे. कॅपिबारा हा दक्षिण अमेरिकेतला मोठा कृंतक प्राणी. खगोलभौतिकशास्त्रज्ञ असलेल्या कॅपिबाराविषयी लिहा, अशी सूचना दिली, तर मॉडेलच्या दृष्टीने त्या दोन गोष्टी एकत्र येणे अगदी अपेक्षित असते. सूचना न पाहिलेल्या डिटेक्टरला मात्र ते फार अनपेक्षित वाटते आणि तो मजकूर माणसाचा ठरवतो. यावर त्यांचा उपाय असा : मजकूर किती अनपेक्षित आहे, एवढेच न मोजता, त्याच संदर्भात दुसऱ्या मॉडेलने केलेले अंदाज किती अनपेक्षित ठरतात, तेही मोजायचे आणि दोन्हींचे गुणोत्तर पाहायचे. विषयच विचित्र असेल, तर दोन्ही आकडे वाढतात आणि गुणोत्तर फारसे हलत नाही.

प्रॉम्प्टने विषयाऐवजी शैली बदलली, तरी हेच घडते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये चॅटजीपीटीकडून महाविद्यालयीन प्रवेशासाठीचे इंग्रजी निबंध लिहून घेतले आणि सात डिटेक्टरना दिले. नंतर तेच निबंध अधिक साहित्यिक भाषेत लिही, अशी एका ओळीची सूचना दिली. तेवढ्याने ते पकडले जाण्याचे प्रमाण कोसळले. साहित्यिक भाषेत विरळ शब्द जास्त येतात, म्हणून सरासरी अनपेक्षितपणा वाढतो.

याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेले टोफेल परीक्षेचे 91 निबंध डिटेक्टरना दिले, तेव्हा त्यांतले सरासरी सुमारे 61 टक्के यंत्राचे ठरवले गेले. शिकून आलेल्या भाषेत माणूस ओळखीचे शब्द आणि साधी वाक्यरचना वापरतो, आणि मोजमापात ते लेखन कमी तापमानाच्या मजकुरासारखे दिसते. थोडक्यात, असे डिटेक्टर लेखक कोण, हे मोजत नाहीत. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, एवढेच मोजतात.

म्हणून डिटेक्टरच्या निकालाचा अर्थ लावताना दोन चुका वेगळ्या धराव्या लागतात. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये आणलेला डिटेक्टर, त्यांच्याच इंग्रजी चाचणीत, यंत्राचा 26 टक्के मजकूर पकडत होता आणि माणसाच्या 9 टक्के मजकुरावर चुकीचा ठपका ठेवत होता. अचूकता कमी असल्याने तो त्याच वर्षी जुलैत मागे घेण्यात आला. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात दहा जणांनी यंत्राकडून निबंध लिहून घेतला, असे धरले, तर या प्रमाणाने दहांपैकी दोन-तीन सापडतील आणि नव्वद प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी आठ जणांवर ठपका येईल. तापमान वाढवून किंवा प्रॉम्प्ट बदलून पहिला आकडा आणखी खाली आणता येतो. दुसरा मात्र तेवढाच राहतो, कारण स्वतः लिहिणाऱ्या विद्यार्थ्याजवळ फिरवायला असे कोणतेच बटण नसते. विद्यार्थ्याचा कच्चा खर्डा, त्याचे आधीचे लेखन आणि निबंधाविषयी त्याच्याशी झालेले बोलणे यांच्या जोडीशिवाय केवळ डिटेक्टरचा आकडा पुरावा ठरू शकत नाही.