“ओके, नोटेड”ला किती मार्क?

तर आजचा विषय अगदी छोटा. टीममधल्या नव्या मुलाला सेटअपची नोट पाठवली: “डेटाबेस 5433 पोर्टवर आहे, 5432 वर जुना चालू आहे. `.env` संध्याकाळी देतो, तोवर `migrate` चालवू नकोस.” त्यावर आलेली एका ओळीची पोच चांगली की नाही, हे ठरवायचे निकष कसे लिहायचे?

“उत्तर स्पष्ट आहे का?” असं लिहू नका. त्यावर मी चार मार्क देईन, तुम्ही दोन द्याल. प्रश्न हो-नाहीत सुटला पाहिजे. मी तीन ठेवतो. चुकलं तर महागात पडेल ती गोष्ट, इथे 5433 आणि `migrate` थांबवणं, उत्तरात आली का? नोटमध्ये नसलेलं काही घुसवलं का? आणि थांबायला सांगितलेलं काम सुरू केलं का? या शेवटच्याला “हो” आलं की बाकीचं न बघता शून्य.

“ओके, नोटेड” पहिल्यातच अडकतं. “5433 वापरतो, `.env` येईपर्यंत `migrate` नाही” याला पूर्ण मार्क. “मस्त नोट दादा, `migrate` करून बघितलं!” याला भोपळा, कितीही गोड असलं तरी.

पण यात एक पळवाट आहे. अख्खी नोट कॉपी-पेस्ट केली तरी पास! म्हणून “स्वतःच्या शब्दांत, दोन वाक्यांत” हे जोडायचं. मग दोघांनी वेगवेगळं बसून तीच दहा उत्तरं तपासायची. मार्क जुळले नाहीत तिथे निकषाचं वाक्य पुन्हा लिहा.

आणि नोटमध्ये धोक्याचं काहीच नसेल, तर नुसतं “ओके” चालतं बरं का.