पुढचा पत्ता प्रत्येक ओळीतच

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याची रचना प्रामुख्याने चक थॅकर यांची. माउस आणि चित्रं दाखवणारा पडदा यांमुळे आल्टोचं नाव आजही निघतं. पण प्रोसेसरच्या आत नेमकं काय चालतं हे समजून घ्यायचं असेल, तर त्याच्या कंट्रोल युनिटइतकं उघड आणि सुबक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कंट्रोल युनिटचं काम काय, ते आधी पाहू. आपण प्रोसेसरला सांगतो, ‘या दोन आकड्यांची बेरीज कर.’ आपल्या लेखी ही एक आज्ञा झाली. आत मात्र एका रजिस्टरातला आकडा बसवर आणायचा, म्हणजे सगळ्या भागांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर. मग बेरीज करणाऱ्या भागाला बेरीजच करायला सांगायची आणि आलेलं उत्तर योग्य ठिकाणी साठवायचं. प्रत्येक पायरीला काही तारांवर संकेत द्यावा लागतो, बाकीच्या गप्प ठेवाव्या लागतात. कोणती तार कधी जागी करायची, हे कंट्रोल युनिट ठरवतं.

सुरुवातीच्या संगणकांत हे ठरवणारं सर्किट सुटे सुटे भाग जोडून बांधलेलं असे. एखादी आज्ञा बदलायची तर जोडणीच उसवावी लागे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मँचेस्टरच्या परिषदेत वेगळा मार्ग मांडला. या साऱ्या पायऱ्या एका पक्क्या तक्त्यात लिहून ठेवायच्या. तक्त्याच्या ओळीचा एक भाग सांगेल, आत्ता कोणत्या तारा जाग्या करायच्या. दुसरा भाग सांगेल, यानंतर कोणती ओळ. या ओळींना मायक्रोइन्स्ट्रक्शन म्हणतात आणि त्या सगळ्या मिळून मायक्रोप्रोग्राम होतो.

आल्टोत हा तक्ता म्हणजे १०२४ ओळींची रॉम, म्हणजे फक्त वाचता येणारी मेमरी. प्रत्येक ओळ ३२ बिटांची. त्यातले २२ बिट तारांसाठी: कोणतं रजिस्टर, बेरीज की वजाबाकी, बसवर काय आणायचं, उत्तर ठेवायचं की नाही. उरलेले १० बिट म्हणजे पुढच्या ओळीचा पत्ता. १० बिटांत बरोबर १०२४ वेगवेगळे पत्ते लिहिता येतात, त्यामुळे कोणत्याही ओळीवरून कोणत्याही ओळीवर जाता येतं. सलग पायऱ्या रॉममध्ये शेजारी असायची गरजच उरत नाही. चालू पायरीच्या पुढचा पत्ता एका छोट्या ॲड्रेस रजिस्टरात असतो. दर १७० नॅनोसेकंदांनी त्या पत्त्यावरची ओळ बाहेर येते आणि तिच्यातला पत्ता पुन्हा त्याच रजिस्टरात जाऊन बसतो. सेकंदाला सुमारे ५९ लाख वेळा एवढंच घडतं.

याची किंमत द्यावी लागते. रॉमचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या पत्त्यांनी अडतो. १९७८ च्या इंटेल ८०८६ मध्ये सगळं एका चिपवर बसवायचं होतं. तिथं ओळी २१ बिटांच्या ठेवल्या, पत्ता एक काउंटर आपोआप वाढवतो आणि दुसरीकडे उडी मारायची असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. जागा वाचली, पण उडी महागली. आल्टोत प्रत्येक ओळ उडीच असते, आणि ती फुकट असते.

मग निर्णय कसे घ्यायचे? ‘मोजणी संपली असेल तर बाहेर पड, नाहीतर पुन्हा फिर’ हे कसं सांगायचं? ओळीत तर एकच पत्ता मावतो. आल्टोचा उपाय असा: तपासणीचं उत्तर त्या पत्त्याच्या शेवटच्या बिटात ऑर करायचं. मूळ बिट शून्य असेल आणि तपासणी खरी ठरली, तर तो १ होतो. खोटी ठरली तर शून्यच राहतो.

समजा, २० क्रमांकाची ओळ शिल्लक मोजणी बसवर आणते आणि ती शून्य आहे का ते तपासते. तिच्यात पुढचा पत्ता २१ लिहिलाय. २१ क्रमांकाच्या ओळीत पत्ता आहे ३०, म्हणजे द्विमान पद्धतीत ११११०. मोजणी शून्य नसेल तर यंत्र ३० वर जातं, तिथं मोजणी एकने कमी होते आणि फेरी पुन्हा २० वर येते. मोजणी शून्य असेल तर १११११ होतं, म्हणजे ३१, आणि तिथून फेरीच्या बाहेर.

तपासणी २० वर झाली आणि परिणाम मात्र २१ च्या पत्त्यावर, हे चटकन खटकतं. त्यामागे वेळेचं गणित आहे. यंत्र २० ची कामं करत असतानाच रॉम २१ ची ओळ वाचून तयार ठेवते. चक्र संपताना २१ ची ओळ कामाला लागते आणि त्याच क्षणी तिच्यातला पत्ता ॲड्रेस रजिस्टरात शिरतो. २० च्या तपासणीचं उत्तर नेमकं तेव्हा हाती येतं, म्हणून ते या पत्त्यातच मिसळतं. रॉम वाचायची वाट पाहत बसलं असतं तर प्रत्येक पायरी लांबली असती. म्हणून एका ओळीचा हा उशीर मान्य केला गेला.

इथंच चुका घडतात. समजा, २१ मधला पत्ता ३० ऐवजी ३१ लिहिला गेला. शेवटचा बिट आधीच १ आहे. त्यात काहीही ऑर करा, तो १ च राहणार. मोजणी कितीही असो, यंत्र पहिल्याच फेरीत बाहेर पडतं. दहा शब्द हलवायचे असतील तर एकच हलतो किंवा एकही नाही. ही चूक लगेच दिसते, म्हणून बरी.

दुसरी चूक जास्त छळते. लिहिणारा तो उशीर विसरतो आणि तपासणीचा परिणाम त्याच ओळीच्या पत्त्यावर होईल असं धरून चालतो. पुढच्या ओळीत त्याने साधा, सम पत्ता लिहिलेला असतो, समजा ४०. एरवी सगळं सुरळीत चालतं. पण मोजणी शून्य झाली की यंत्र ४० ऐवजी ४१ वर जातं, आणि ४१ वर भलत्याच कामाची ओळ असू शकते. बिघाड कधीतरीच दिसतो आणि दिसतो तो मूळ चुकीपासून दूर. ॲड्रेस रजिस्टरातून गेलेले पत्ते क्रमाने लिहून काढले की गाठ सुटते: जिथं पत्ता लिहिल्यापेक्षा एकने मोठा निघाला, त्याच्या एक ओळ मागे तपासणी शोधायची.

या रीतीमुळे ओळींना जागा देणंही एक कोडं होतं. फाट्याच्या दोन वाटा सम-विषम जोडीनेच बसवाव्या लागतात. आठ वाटांचा फाटा असेल तर एकापाठोपाठच्या आठ जागा लागतात आणि त्यातली पहिली आठाच्या पटीत हवी. असे फाटे वाढले की शेकडो ओळी रिकाम्या असूनही योग्य जोडी सापडत नाही. हा हिशेब हाताने करू नये म्हणून आल्टोच्या असेंब्लरमध्ये जागांचे असे गट आधीच जाहीर करायची सोय होती. गट सांगायचा, जागा तो शोधतो.

पत्ता ओळीतच असण्याचा सगळ्यात मोठा फायदा थॅकर यांनी वेगळ्याच कामासाठी घेतला. आल्टोचा एकच प्रोसेसर १६ कामं आलटून पालटून करत असे. डिस्क, पडदा, इथरनेट आणि वापरणाऱ्याचा प्रोग्राम ही त्यातलीच कामं. प्रत्येक कामाला स्वतःचं ॲड्रेस रजिस्टर दिलेलं होतं. डिस्कवरून शब्द आला की प्रोसेसर चालू काम ठरलेल्या टप्प्यावर थांबवी आणि डिस्कच्या ॲड्रेस रजिस्टरातला पत्ता उचली. थांबलेल्या कामाची पुढची ओळ त्याच्या रजिस्टरात आधीच असे, त्यामुळे कंट्रोल युनिटला दुसरीकडे काही नोंदवावं लागत नसे. यंत्र सुरू होताना या सोळा रजिस्टरांत शून्यापासून पंधरापर्यंतचे आकडे, म्हणजे त्या त्या कामाचा क्रमांकच, भरले जात. म्हणून रॉमच्या पहिल्या सोळा ओळी सोळा कामांच्या आरंभासाठी राखून ठेवलेल्या होत्या.