दह्यावरचं झाकण

डायरीतली नोंद 2003 सालची आहे, जुलैमधली. शाई पसरलेली, अक्षर रागातलं. दहा वाक्यं, ती जशीच्या तशी देते:

‘आज स्टँडवर ती दिसली. ओळख दाखवली नाही. खूप वाईट वाटलं. इतक्या वर्षांची मैत्री अशी तुटते? मीच मूर्ख. विश्वास तरी कुणावर ठेवायचा? मनात नुसतं काहूर माजलंय. तिच्या डब्याचं झाकण अजून आमच्याकडेच आहे. ते परत द्यायला हवं. झोप येत नाही.’

या नोंदीची कविता करायची असं मी यंदा उन्हाळ्यात मनावर घेतलं. आधी नोंद वहीत उतरवून घेतली. मूळ पानावर खाडाखोड करायला हात धजत नाही. मग पेन्सिल घेऊन जे डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं किंवा हातात धरता येतं, तेवढ्याखाली रेघ मारत गेले. वाईट वाटणं, मूर्खपणा, विश्वास, काहूर यांपैकी कशाखालीच रेघ येईना. हे शब्द कुणाच्याही डायरीत बसतील. माझ्या डायरीतलं माझं काय, तर एक स्टँड आणि एक झाकण. दहा वाक्यांतून एवढंच हाती लागलं, आणि तेही लिहिताना मी जाता जाता टाकलेलं.

घाई करून लगेच अष्टाक्षरीला हात घातला. ओळीला आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. बोटांवर मोजत लिहिलं:

तुझी माझी मैत्री होती
जशी दिव्यातली ज्योती

अक्षरं बरोबर आठ-आठ. पण हा दिवा आला कुठून? आम्ही दोघी उंब्रजहून कराडच्या कॉलेजला पास काढून एसटीने जायचो, त्यात दिवा कुठेच नव्हता. तो ‘होती’च्या मागोमाग यमक म्हणून आला आणि येताना ‘ज्योत’ची ‘ज्योती’ करून बसला. यमकाने आणलेली वस्तू ओळखणं तसं सोपं असतं. तिच्याबद्दल दुसरा प्रश्न विचारला की ती गप्प होते. दिवा कसला, कुठे ठेवलेला, तेल कुणी घातलेलं? उत्तर नाही. दोन्ही ओळी खोडल्या.

झाकणाला मात्र कितीही प्रश्न विचारा. मी उठून ते मांडणीवरून काढलं. स्टीलचं आहे, मध्ये थोडं पोचलेलं. कडेला ठिपक्याठिपक्यांनी तिच्या आईचं नाव घातलंय, भांड्यांच्या दुकानात मशीनने घालून देतात तसं. बारीक अक्षर, आडनावाचं शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे खाली घसरलेलं. कॉलेजात आम्ही एकमेकींचे डबे खायचो, तेव्हा कधीतरी झाकणांची अदलाबदल झाली. माझ्या डब्याला हे नीट बसतच नाही. पट्टी लावून पाहिलं, तर साधारण तीन मिलिमीटर मोठं, म्हणजे सुताराच्या हिशेबात एक सूत. पहिल्या खर्ड्यात मी ‘अर्धा इंच’ लिहून मोकळी झाले होते. मोजलं नसतं तर तेच राहिलं असतं, आणि अर्ध्या इंचाच्या फरकाने झाकणांची अदलाबदल कुणाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

आता साचा बदलला. अभंगाचा घेतला: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, पहिल्याचं जुळलं तर जुळलं. छंदाच्या पुस्तकांत याला देवद्वार म्हणतात, ज्ञानेश्वरांचा हरिपाठ याच चालीवर आहे. मला तो हवा होता शेवटच्या चार अक्षरांसाठी. तीन चरण एका मापाने चालतात आणि चौथा मध्येच थांबतो. तिथे एखादा ठोस शब्द ठेवला की तो एकटा उभा राहतो. भावनेचा शब्द ठेवला तर मात्र उपदेशासारखा वाजतो. ‘दुःख झाले’ चार अक्षरांत छान बसतं, म्हणून तर जपायचं.

माझ्या मांडणीत
झाकण परके
अक्षर बारके
ठोकलेले

‘परके’वर बराच वेळ अडले. भावनेचा शब्द आहे का हा? आहे. पण दुसऱ्या घरचं भांडं चुकून आपल्याकडे राहिलं तर आमच्याकडे त्याला परकं भांडंच म्हणतात, म्हणून ठेवला. दुसरं कडवं पट्टीने दिलं:

एक सूत मोठे
बसेना डब्याला
झाकते दह्याला
रोज रात्री

‘दह्याला’ यमकासाठी आलंय असा मलाच संशय आला. पण रात्री विरजणाच्या पातेल्यावर खरंच हेच झाकण असतं, निदान दहा-बारा वर्षं तरी. ‘झाकते’ कोण, मी की झाकण, हे व्याकरण सांगत नाही. सुधारायला गेले असते तर एक अक्षर वाढलं असतं, आणि खरं तर सुधारायची इच्छाही नव्हती.

स्टँड राहिला होता. नोंद म्हणते, ‘ओळख दाखवली नाही’. पण न दाखवलेली ओळख दिसते कशी? तिने मान फिरवली का? कशाकडे? इथे आठवणीला हलवून पाहावं लागलं. दोन दिवस काहीच आलं नाही. मग दही लावतानाच आठवलं: ती भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या फलकाकडे तोंड करून उभी होती. ज्या गाड्या आम्हाला तीन वर्षं तोंडपाठ होत्या, त्या वाचत. मी गाडीत चढले, खिडकीशी बसले, गाडी सुटली आणि ती तिथेच. म्हणजे कराडची गाडी तिनेही सोडली, तिच्याही कॉलेजची. डायरीत हे नाही. त्या रात्री मी फक्त माझं लिहिलं होतं.

वेळापत्रकात
नजर गुंतली
एसटी सुटली
कराडची

‘गुंतली-सुटली’ हे काही पक्कं यमक नव्हे, ‘त’ला ‘ट’ लागतोय. जाणकार नाक मुरडतील. पण ‘सुटली’ऐवजी दुसरं क्रियापद घेतलं तर गाडी हलत नाही.

हे कडवं मी सगळ्यात आधी ठेवलं. मग भांडणाचं कारण सांगणारं चौथं लिहिलं: परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या नोट्स, परत आल्या तेव्हा त्यातली गायब असलेली पानं. सगळं खरं, सगळं डोळ्यांनी दिसणारं. तरी काढून टाकलं. ते कळायला कुठला विषय, कुणी कुणाला काय म्हटलं, हे सांगावं लागत होतं. शिवाय ते वाचणारा न्यायाधीश व्हायला लागायचा, कोण चुकलं ते ठरवायला. एका मैत्रिणीला दोन्ही रूपं वाचून दाखवली. चार कडव्यांवर तिने विचारलं, ‘पानं कुणी फाडली गं?’ तीन कडव्यांवर विचारलं, ‘झाकण आहे अजून?’ मला दुसरा प्रश्न हवा होता.

नोंदीतलं एक वाक्य मात्र कुठेच बसलं नाही: ते परत द्यायला हवं. ‘परत द्यायला हवे’ म्हटलं तर आठ अक्षरं होतात, देवद्वारात दोन जास्त. वहीच्या समासात ते तसंच लिहून ठेवलंय.