अष्टमीचं ऊन

भरतीची वेळ काढायची कोकणात जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या-पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला मात्र भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते आणि ओहोटी ऐन बाराला.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर कोण तापणार, हे याच हिशेबावर ठरतं. उधाणाला इथलं पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अगदी खालचे खडकही उघडे पडतात, पण पहाटे आणि संध्याकाळी. बटणांच्या गालिच्यासारखे पसरलेले झोआन्थिड त्यामुळे दुपारच्या उन्हातून वाचतात. अंगात वाळू रुजवून, तोंड मिटून ते पाण्याची वाट पाहतात.

अष्टमीच्या सुमारास भांग असतो. चढउतार दीड मीटरवर येतो. खालचा पट्टा दुपारीही बुडालेला राहतो, पण सगळ्यात वरच्या खडकांपर्यंत भरतीसुद्धा पोचत नाही. तिथल्या मटाराएवढ्या गोगलगायी सलग काही दिवस कोरड्या असतात, तेही काळ्या, तापलेल्या बेसॉल्टवर.

त्यांची युक्ती विलक्षण आहे. गोगलगाय आपला पाय शंखात ओढून घेते, दार लावते आणि शंखाची कड चिकट स्रावाच्या बारीकशा पट्टीने खडकाला डकवते. स्राव वाळला की शंख जवळजवळ अधांतरी उभा राहतो. खडकाला अंग लागत नाही, म्हणून त्याची धगही कमी पोचते. दार बंद असल्याने ओल आत राहते. पण याची किंमत आहे: घाम यावा तसं पाणी उडवून अंग गार करणं तिला परवडत नाही आणि खाणंही थांबतं. तिच्या जवळच्या काही नातलगांत उष्णता वाढली की देहाचा खर्चच मंदावतो, हे ब्रुनेईच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासात दिसलं आहे.

ही वाळलेली पट्टी ऊन सोसते, लाटा नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड, त्यामुळे लाट आली की पुन्हा पाय बाहेर काढून खडक धरावा लागतो, नाहीतर भेगेत शिरावं लागतं. शेजारचे बार्नॅकल हलतच नाहीत. ते डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचे चिकटलेले असतात.

परातीएवढ्या डबक्यातला मासा सुखी वाटतो, पण तिथे दुपारी पाणी तापतं, वाफ होऊन खारटपणा वाढतो. प्राणवायूची खरी चणचण मात्र रात्री भासते. दिवसा शेवाळ तो तयार करतं, अंधारात तेही इतरांबरोबर वापरू लागतं. जूनमध्ये पहिली सर ओहोटीच्या वेळी कोसळली, तर तेच खारट डबकं काही मिनिटांत वरून गोडसर होतं. मासा तळाशी जातो, आणि गोगलगाय उन्हासाठी लावलेलं तेच दार आता गोड्या पाण्यासाठी लावते.